लय उतरव, पट्टी राहू दे

पोरी, मंडळाची पेटी आता तुझ्या हाती आली. तिच्याबरोबर दर आषाढीआधी येणारं कामही तुझ्याकडे आलं: जुनी रेकॉर्ड ऐकून नवा अभंग बसवायचा आणि त्यावर मुलामुलींची पावली उभी करायची. गायकाची हरकत इतक्या झटक्यात निघून जाते की कोणता सूर कुठून आला ते कळत नाही, म्हणून रेकॉर्ड संथ करून ऐकायची. हे काम तू फोनवर आणि लॅपटॉपवर करशील. बटणं तुझी तू शोधशील. मी सांगते ते बटण दाबायच्या आधीचं आणि नंतरचं आहे.

आमच्या वेळी फोनोवर १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार आकडे असत. ३३ वर वाजणारी मोठी तबकडी बुवा १६ वर लावायचे. लय निम्मी व्हायची आणि आवाज बरोबर एक सप्तक खाली जायचा. गाणारा खर्जात घोगरा वाटायचा, पण सप्तकच उतरल्यामुळे पेटीवरचा षड्ज त्याच पट्टीचा राहायचा, आणि बुवा त्या घोगऱ्या आवाजाबरोबर पेटी वाजवत सूर शोधून काढायचे. सोय एवढीच होती. निम्म्याऐवजी पाऊणपट लय हवी म्हटलं तर ती मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी पट्टी भलत्याच ठिकाणी जाऊन पडली असती. आता लय हवी तितकी उतरवता येते आणि पट्टी जागच्या जागी राहते. मात्र योग्य पर्याय निवडला असेल तरच.

म्हणून पहिली गोष्ट पेटीवर करायची. रेकॉर्ड मूळ लयीत लाव, गायकाचा षड्ज पेटीवर शोध आणि वहीत लिहून ठेव. समजा तो काळी एक निघाला. मग लय कमी कर आणि तोच षड्ज पुन्हा तपास. काळी एकच लागली तर काम बरोबर झालं. पाऊणपट लयीला तुला खालची काळी चार लागली, तर तू लयीबरोबर पट्टीही उतरवली आहेस. हा हिशोब पक्का आहे: तबकडीसारखी सगळी गती पाऊणपट केली की षड्ज बरोबर मध्यमाइतका खाली जातो, चार पंचमांश केली की गांधाराइतका, दोन तृतीयांश केली की पंचमाइतका. म्हणजे चूक कुठे झाली ते पेटीच सांगते.

लॅपटॉपवर Audacity वापरलंस तर तिथे शेजारीशेजारी सारखी दिसणारी नावं आहेत. आपल्याला हवं ते Change Tempo. Change Speed and Pitch हे तबकडीचं काम करतं, लय आणि पट्टी दोन्ही हलवतं. प्ले करताना गती कमी करायचा जो सरकता काटा आहे तोही पट्टी उतरवतो, त्यामुळे नुसतं ऐकायलासुद्धा तो उपयोगाचा नाही. यूट्यूबवर गती ०.७५ केलीस तर पट्टी आपोआप सांभाळली जाते, तिथे ही भीती नाही.

पण Change Speed and Pitch ला कायमचं नाव ठेवू नकोस, कारण एका कामाला तेच लागतं. घरातल्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं भजन पेटीशी कधी जुळत नाही. काळी एक लावली तर रेकॉर्ड किंचित चढी वाटते, पांढरी दोन लावली तर किंचित उतरलेली. गायक बेसूर नसतो. कॅसेट उतरवताना ती यंत्रावर थोडी जलद किंवा थोडी सावकाश फिरलेली असते. तिथे लय आणि पट्टी दोन्ही एकत्रच बिघडलेल्या असतात, म्हणून दुरुस्तीही दोन्हींची एकत्रच करायची. एका पट्टीचं अंतर म्हणजे गतीत साधारण ६ टक्के, अर्ध्या पट्टीचं सुमारे ३ टक्के. अर्धी पट्टी चढी असेल तर ३ टक्क्यांनी गती कमी कर, पेटीशी जुळते का बघ, थोडं पुढेमागे करून नेमकं जुळव. ही दुरुस्त केलेली फाइल म्हणजेच तुझी मूळ फाइल. लयीला हात त्यानंतरच लावायचा. उलट क्रमाने केलंस तर संथ केलेल्या आवाजावर पुन्हा ताण पडतो आणि तो आणखी खराब होतो.

आता संथ किती करायचं. मुलं थेट निम्म्यावर उडी मारतात, आणि मग तक्रार येते की टाळ विचित्र वाजतात. ते का होतं ते एकदा समजून घे, म्हणजे मर्यादा पाठ करावी लागणार नाही.

यंत्र आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतं, सेकंदाच्या काही शतांशांचे, एकमेकांवर थोडे चढलेले. छपरावर कौलं एकमेकांवर चढवून बसवतात तसं समज. छप्पर लांबवायचं पण कौलं तीच ठेवायची, तर चढाव कमी करून ती थोडी दूरदूर बसवायची. कौलाचा आकार बदलत नाही, म्हणून सूर बदलत नाही. छप्पर लांबतं, म्हणून लय संथ होते. फारच ताणलं तर चढाव उरत नाही, आणि मग यंत्राला त्याच कौलाची नक्कल पुन्हा वापरून जागा भरावी लागते. गायकाचा लांब आकार किंवा पेटीचा धरलेला सूर असेल तर तिथे लहर पुन्हापुन्हा तशीच येत असते, त्यामुळे जोड बेमालूम बसतो. टाळाचा ठोका किंवा तबल्याची थाप मात्र एकदाच घडते. ती नेमकी जोडावर आली की कधी दोनदा ऐकू येते, कधी पसरून बोथट होते. तबल्याचा ‘धा’ ‘ध्‌धा’ सारखा ऐकू आला, टाळांचा नाद पाण्यातून आल्यासारखा हलायला लागला, की समजायचं, ताण जास्त झाला.

माझा अंदाज सांगते. नुसता गळा आणि पेटी असेल तर ६० टक्क्यांपर्यंत चालतं. टाळ-पखवाज भरपूर असलेल्या रेकॉर्डला ७५ च्या खाली जाऊ नकोस. Change Tempo मध्ये Use high quality stretching असा चौकोन आहे, तो टिचकवून घे. थोडा वेळ जास्त लागतो, पण सूर धरायला मदत होते. आणि एकाच अभंगाच्या दोन रेकॉर्डी मिळत असतील तर संथ करून ऐकायला कमी टाळांची घे, मग चाल आणि थाट दुसरीवरून उचल.

टक्केवारीत एक फसगत आहे. Percent Change मध्ये -२५ लिहिलंस की लय पाऊणपट होते, पण लांबी सव्वापट होत नाही, ती १.३३ पट होते. तिथून परत मूळ लयीवर यायला +२५ नाही, +३३.३ लागतात. आणि कुणी आधी २० टक्के उतरवलेली फाइल तुला दिली, तू तिच्यावर आणखी २५ टक्के उतरवलीस, तर ती ६० टक्क्यांवर आली आणि जोड दोनदा बसले. आकडा एकच, पण आवाज सरळ ६० वर आणलेल्यापेक्षा वाईट. म्हणून प्रत्येक वेळी मूळ फाइलीवरूनच नवी काढायची, संथ केलेल्या फाइलीवरून कधी नाही. ती मूळ फाइलही व्हॉट्सअॅपवर पुन्हापुन्हा पाठवून पातळ झालेली नसावी. दाबून लहान केलेल्या फाइलीतला खरखराट मूळ लयीत लपतो, संथ केला की उघडा पडतो.

आता हिशोबाने एक अभंग घेऊ. भजनी ठेका, आठ मात्रा. घड्याळ लावून मोज: एका मिनिटात १५ आवर्तनं झाली, म्हणजे १२० मात्रा. एक आवर्तन ४ सेकंदांचं, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. दुसऱ्या चरणाच्या शेवटी गायक एका मात्रेत चार सूर घेतो आणि पाठीमागचे लोक ते ध्रुपद उचलेपर्यंत सम आलेली असते. ते चार सूर अर्ध्या सेकंदात, म्हणजे एकेक सूर सेकंदाचा आठवा भाग. ७५ टक्क्यांवर तो सहावा भाग होतो, ६० वर जवळजवळ पाचवा. नवशिक्या कानाला सहाव्या भागात सूर ओळखू येतात, एवढं मला पुरेसं वाटतं.

मग अख्खा अभंग संथ करायची गरज आहे का? नाही. चाल तर तुला एकदा ऐकून येते. अडतं ते एवढ्यातच. म्हणून ती हरकत जिथे आहे ती दोन आवर्तनं निवड, समेपासून समेपर्यंत. मूळ लयीत ८ सेकंद, ७५ टक्क्यांवर साधारण १०.७ सेकंद. एवढाच तुकडा वेगळा काढून संथ कर आणि L दाबून घोळत ठेव. सुरुवात आणि शेवट बरोबर समेवर असेल तर तुकडा फिरताना ठेका न तुटता चालतो आणि पायाने मात्रा धरता येते. अर्ध्या मात्रेनेही चुकला तर दरवेळी ठेका अडखळेल, आणि हरकत कोणत्या मात्रेवर सुरू होते हेच कळणार नाही. कुठून काढायचं ते पखवाजाच्या थापेवरून ठरव, शब्दांवरून नको. अभंगाचे शब्द पुष्कळदा समेच्या आधीच सुरू होतात.

तुकडा पहिल्यांदा नुसता ऐक. गाऊ नकोस. पेटीवर बोट ठेवून एकेक सूर शोध, सरगम लिहून काढ. सरगम लिहून झाली की संथ तुकड्याचं निम्मं काम संपलं. त्यानंतर त्याच्याबरोबर गायचं ते थोडंच, कारण संथ आवाज गळ्याला तीन चुकीच्या गोष्टी शिकवतो.

एक म्हणजे कण. मूळ लयीत निसटता लागणारा कणस्वर संथ केल्यावर पूर्ण स्वरासारखा उभा राहतो. तो तसा गायला की पुढे लय वाढवल्यावर हरकतीत एक सूर जास्त भरतो आणि मात्रा पुरत नाही. सरगम लिहितानाच कण लहान अक्षरात वर लिहून ठेव.

दुसरं, आंदोलन आणि मींड. यंत्र लय संथ करतं तेव्हा आवाजाचा हेलकावाही संथ होतो. सेकंदात पाच-सहा वेळा हलणारा आवाज ६० टक्क्यांवर तीन-साडेतीन वेळा हलतो. मुली तेच उचलतात आणि मूळ लयीवर आल्या की गळा डुलत राहतो. हे सुधारायला हरकत शिकण्याच्या दुप्पट वेळ जातो, म्हणून मी यावर अडून बसते.

तिसरी गोष्ट श्वासाची. मूळ लयीत ९ सेकंदांची ओळ एका श्वासात येते. ७५ वर ती १२ सेकंदांची होते, ६० वर १५ ची. श्वास पुरत नाही म्हणून पोरी मध्येच तोडतात, नेमकी शब्द फुटेल अशा जागी, आणि तो तोडच अंगवळणी पडतो. श्वास कुठे घ्यायचा ते मूळ रेकॉर्ड ऐकून ठरव, कागदावर खूण कर, आणि संथ सरावात दम संपला तर गाणं थांबवून ओळ पहिल्यापासून घे. मध्ये श्वास घ्यायची नवी जागा तयार करायची नाही.

यानंतर लय चढवायची. ७५ वर स्वच्छ आलं की ८५, मग ९५, मग मूळ. शेवटी मूळ लयीत पाच-सहा वेळा, आणि मग रेकॉर्ड बंद करून नुसत्या पेटीवर. एक बारकावा ध्यानात ठेव. रेकॉर्डवरचं भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत नसतं. १२० मात्रांनी सुरू झालेला ठेका शेवटी, ध्रुपद घोळवताना, १६० वर पोचलेला असतो. तू सगळीकडे ७५ टक्के ठेवलेस तर पहिला तुकडा ९० मात्रांनी शिकशील आणि शेवटचा १२० नी, आणि दोन्ही जोडताना गोंधळ होईल. टक्के न पाहता मात्रा मोज. शेवटचा भागही ९० वर आणायचा म्हटलं तर ५६ टक्के लागतात आणि तिथे टाळांची वाट लागते. म्हणून तो भाग १२० वरच शीक, सुरुवातीचा भाग पक्का झाल्यावर.

हे झालं गळ्याचं. पावलीला नियम वेगळा, आणि इथेच बहुतेक जणी चुकतात.

गळा लयीबरोबर हवा तितका संथ होतो, अंग होत नाही. उडी मारली की माणूस जमिनीवर परत यायला ठरावीक वेळ लागतो आणि तो रेकॉर्डला विचारून लागत नाही. पावलीतली १० सेंटिमीटरची हलकी उडी घे. वर जाऊन खाली यायला तिला साधारण ०.२९ सेकंद लागतात. १२० मात्रांच्या लयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे उडी मात्रेच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते आणि पाय टाळावर बरोबर पडतो. तीच रेकॉर्ड ६० टक्क्यांवर लाव. मात्रा झाली ०.८३ सेकंदांची, उडी मात्र ०.२९ चीच. पोरं एक तर लवकर खाली येऊन टाळाची वाट बघत उभी राहतात, नाही तर वेळ भरायला उंच उड्या मारतात. मात्रेचा तेवढाच भाग भरायचा तर १० ऐवजी जवळजवळ २८ सेंटिमीटर उडावं लागेल. मुलं तसा प्रयत्न खरंच करतात, आणि नऊवारीत ते बरं दिसत नाही, गुडघ्यांनाही सोसत नाही.

म्हणून पावली शिकवताना संथ लयीत उडी नाहीच. ७० टक्क्यांवर नुसती पावलं: कोणता पाय, कुठे, वळण कोणत्या मात्रेवर, टाळ छातीजवळ केव्हा आणि वर केव्हा. टाच जमिनीवरून सुटली तरी पुरे. पावलं पाठ झाली की ८५ वर आण आणि तिथे उडी घाल. दहाची उडी ८५ टक्क्यांवर चौदाची झाली तर फारसं बिघडत नाही. टाळ हातात देऊनच सराव घे, कारण पितळेच्या टाळांचं वजन हाताला खाली ओढतं आणि रिकाम्या हाताने शिकलेली लय टाळ घेतल्यावर बदलते.

नृत्याच्या क्लासमधल्या मुली तुझ्याकडे येतील. त्यांना ठाय, दून, चौगुनीची सवय असते, आणि त्या निम्मी लय मागतील. त्यांच्या रियाजात निम्मी लय चालते, कारण तिथे तत्कार उभ्याउभ्या असतो आणि ठेका बाई हाताने धरतात, त्यामुळे टाळीचा आवाज खराब होण्याचा प्रश्नच नसतो. रेकॉर्डवर निम्मी लय मागितली तर त्यांना सांग, हाताने टाळी देऊन आणि तोंडाने बोल म्हणून करा, रेकॉर्ड नको.

व्हिडिओ पाहून पावलं उचलणार असाल तर तोही संथ होतो, पण चित्राला मर्यादा आहे. सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ निम्म्यावर नेला की डोळ्यासमोर सेकंदाला १५ च वेगळी चित्रं येतात. पाय कुठे होता आणि कुठे गेला हे दिसतं, मध्ये कसा गेला ते नाही. तेवढ्यासाठी कुणाला तरी प्रत्यक्ष करून दाखवायला उभं करावंच लागतं. शिवाय समोरून घेतलेल्या व्हिडिओत उजवा पाय डावीकडे दिसतो, हे मुलांना आधी सांग, नाही तर अर्धी दिंडी उलट वळेल.

एक काम सोपं वाटतं म्हणून करू नकोस. रेकॉर्ड बुवांच्या काळी एकची, मुलींना हवी काळी चार किंवा पांढरी पाच, म्हणून यंत्राने पट्टीही चढवून घ्यायची. होतं तसं, पण सहा-सात पट्ट्या चढवल्यावर गाणारा माणूस लहान मुलासारखा किरकिरतो आणि शब्दांचे स्वर बिघडतात. लय आणि पट्टी दोन्ही एकाच फाइलीवर बदलल्यास तर कशाचा दोष कशात हे कळतही नाही. सरगम लिहिली असेलच, ती मुलींच्या पट्टीत तू पेटीवर वाजव. तेवढी पेटी तुला येते.

आणि शेवटचा कानमंत्र ग्रुपचा. संथ तुकडे मंडळाच्या ग्रुपवर टाकशील तेव्हा फाइलीच्या नावातच लय लिही: दुसरा चरण, ९० मात्रा, काळी एक. नाव न देता टाकलेली संथ फाइल कुणी तरी मूळ समजून जपून ठेवतं आणि पुढच्या वर्षी त्याच लयीत गातं. एकादशीच्या आधीच्या आठवड्यात मात्र सगळ्यांना सांग, संथ फाइली आता उघडायच्या नाहीत. त्या आठवड्यात फक्त मूळ रेकॉर्ड, मूळ लय, आणि संध्याकाळी देवळात पेटी-पखवाजावर तालीम.